रेषा काढण्याआधी कॅमेरा कुठे होता ते पाहा

प्रश्न: सर, मी १४ ते १६ वयाच्या मुलांना फलंदाजी शिकवतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करतो, फ्रेम थांबवतो आणि तिच्यावर रेषा काढून मुलांना दाखवतो. उजव्या हाताने खेळणारा माझा एक मुलगा सारखा पायचीत होतो. मधल्या यष्टीवरून उभी रेषा काढली की त्याचे डोके ऑफ साइडला पडलेले स्पष्ट दिसते. दोन महिने डोक्यावर काम केले, तरी फरक नाही. काय चुकते आहे?

उत्तर:

तुम्ही उभी रेषा काढलीत, पण ती काढताना कॅमेरा कुठे होता हे लिहिलेले नाही. या प्रकारच्या विश्लेषणात सगळे त्यावरच अवलंबून असते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पडद्यावर मधल्या यष्टीतून काढलेली उभी रेषा आपल्याला सरळ वर जाणारी एक दोरी वाटते. प्रत्यक्षात ती दोरी नसते, तर कॅमेऱ्यापासून निघून त्या यष्टीपर्यंत जाणारी एक उभी भिंत असते. फलंदाजाचे डोके यष्टीच्या वर नसते, ते यष्टीच्या बरेच पुढे असते. पॉपिंग क्रीजच यष्ट्यांपासून १.२२ मीटर पुढे आहे आणि पुढच्या पायावर खेळताना डोके साधारण दीड मीटर पुढे येते. कॅमेरा खेळपट्टीच्या मधल्या रेषेत असेल, तर ती भिंत खेळपट्टीच्या बरोबर मधून जाते आणि यष्टी, पाऊल, गुडघा, डोके या सगळ्यांना एकच रेषा लागू पडते. कॅमेरा बाजूला असेल, तर भिंत तिरकी होते आणि यष्टीपाशी खरी असलेली रेषा डोक्यापाशी खोटी ठरते.

किती खोटी, याचा हिशेब सोपा आहे. समजा, चित्रण करणारा नेटच्या बाहेर लेग साइडला, मधल्या रेषेपासून २ मीटर बाजूला आणि फलंदाजाच्या यष्ट्यांपासून १२ मीटरवर उभा आहे. डोके यष्टीच्या १.५ मीटर पुढे असेल, तर तिथे चूक २ गुणिले १.५ भागिले १२, म्हणजे पाव मीटर येते. तिन्ही यष्ट्यांची मिळून रुंदी २२.८६ सेंटिमीटर असते, म्हणजे मधल्या यष्टीपासून ऑफ स्टंपची बाहेरची कड जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरवर येते. याचा अर्थ असा, की ज्या मुलाचे डोके बरोबर मधल्या यष्टीच्या रेषेत आहे, तो या चित्रात ऑफ स्टंपच्याही बराच बाहेर कललेला दिसेल. शिवाय स्टान्समध्ये डोके यष्टीपासून कमी पुढे असल्याने तिथे चूक कमी असते आणि पाऊल पुढे पडले की ती वाढते. त्यामुळे मुलगा अगदी सरळ पुढे आला, तरी पडद्यावर तो बाहेर पडत गेल्यासारखा दिसतो. कॅमेरा ऑफ साइडला ठेवला, तर नेमके उलटे होते आणि खरोखर पडणारे डोके सरळ भासते.

हे मी इतके सविस्तर लिहितो आहे, कारण हीच चूक मी स्वतः एका मुलाच्या बाबतीत केली आणि त्यात त्याचा निम्मा हंगाम गेला. मुलगा १५ वर्षांचा होता, उजव्या हाताने खेळायचा आणि आत येणाऱ्या चेंडूवर पायचीत व्हायचा. त्याच्या वडिलांनी नेटच्या बाहेरून काढलेले चित्रण माझ्याकडे होते. मी फटक्याची फ्रेम थांबवली, रेषा काढली आणि डोके पडते असा निष्कर्ष काढला. त्याला लेग स्टंपवर उभे केले, डावा खांदा थोडा उघडायला लावला, हनुवटी गोलंदाजाकडे ठेवायला सांगितली. महिनाभरात तो ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूकडे लांबून बॅट फेकू लागला आणि यष्टीमागे झेल देऊ लागला. पायचीत होणे मात्र थांबले नाही. वडील ज्या ठिकाणी उभे राहून चित्रण करत, तिथे एके दिवशी मी स्वतः जाऊन उभा राहिलो. ती जागा लेग साइडला होती आणि वरच्या उदाहरणातली मापे तिथलीच आहेत.

त्यानंतर कॅमेरा लावण्याची जी पद्धत मी ठेवली, ती अशी. गोलंदाजाच्या बाजूला मधल्या यष्टीच्या जागी एक यष्टी रोवावी. तिच्या मागे, नेटच्या पलीकडे ट्रायपॉड ठेवावा आणि पडद्यावर जवळची यष्टी दूरच्या मधल्या यष्टीवर बरोबर चढेल, तोवर ट्रायपॉड बाजूला सरकवत राहावा. दोन्ही यष्ट्या एकावर एक दिसल्या, की कॅमेरा मधल्या रेषेत आला; टेप लावण्याची गरज उरत नाही. कॅमेरा उंच असला तरी या उभ्या रेषेला बाध येत नाही, म्हणून तो गोलंदाजाच्या डोक्यावरून पाहील इतका वर घ्यावा. नाहीतर फॉलो थ्रूमध्ये गोलंदाजाची पाठ नेमकी हव्या त्या क्षणी आड येते. जवळून रुंद चित्र घेण्यापेक्षा लांबून झूम करणे चांगले, कारण अंतर जितके जास्त, तितकी बाजूच्या सरकण्याची चूक कमी. यष्ट्यांपासून २२ मीटरवरचा कॅमेरा १ मीटर सरकला, तरी डोक्यापाशी सात सेंटिमीटर फरक पडतो. तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण पाव मीटरच्या मानाने बराच बरा.

कॅमेरा एका बाजूला कललेला असणे हा दुसरा दोष. फक्त २ अंशांच्या कलाने दीड मीटर उंचीवर पाच सेंटिमीटर फरक पडतो. नेटमधल्या यष्ट्या क्वचितच ताठ असतात, त्यामुळे त्यांच्यावरून कल तपासू नये. गवंड्याचा ओळंबा फलंदाजाच्या मागच्या जाळीला टांगावा आणि सुरुवातीला दोन सेकंद तो चित्रात येऊ द्यावा. सॉफ्टवेअरमधली रेषा त्या दोरीशी जुळवावी आणि मग तीच रेषा सरकवून मधल्या यष्टीवर आणावी. पडद्याच्या कडेला समांतर काढलेली रेषा सरळ दिसते खरी, पण ती पडद्यापुरतीच सरळ असते.

आता वेगाकडे वळू. चेंडू ताशी १०० किलोमीटरने येत असेल, तर तो सेकंदाला सुमारे २८ मीटर जातो. सेकंदाला ३० फ्रेम घेणाऱ्या साध्या चित्रणात तो दोन फ्रेमच्या मध्ये ९० सेंटिमीटरहून जास्त पुढे जातो, म्हणजे टप्पा आणि फटका दोन्ही बहुधा दोन फ्रेमच्या मधल्या फटीत हरवतात. १२० फ्रेमला हे अंतर तीन यष्ट्यांच्या रुंदीइतके होते आणि २४० फ्रेमला साधारण साडेअकरा सेंटिमीटर, म्हणजे चेंडूच्या व्यासाच्या दीडपट. पावले आणि डोके यांच्यासाठी १२० पुरते, पण टप्पा व फटका यांच्यातल्या वेळा मोजायच्या असतील, तर मी २४० चाच आग्रह धरतो. ३० फ्रेमचे चित्रण नंतर सॉफ्टवेअरने हळू केले, तर मधल्या फ्रेम बनावट असतात. बॅटची कड दुहेरी दिसू लागली किंवा चेंडू धुरकट होऊन पुन्हा स्पष्ट झाला, की हे ओळखावे आणि त्या चित्रावर काहीही मोजू नये.

फ्रेमची संख्या पुरेशी असूनही बॅट पंख्यासारखी फासलेली दिसते, तेव्हा दोष शटरचा असतो. १/२५० सेकंद शटर उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात चेंडू ११ सेंटिमीटर सरकतो, आणि १/१००० ला तीन सेंटिमीटरहूनही कमी. मोबाइल आपोआप शटर निवडतो आणि प्रकाश कमी असला की ते जास्त वेळ उघडे ठेवतो, म्हणून बंदिस्त नेटमधले चित्रण बऱ्याचदा निरुपयोगी ठरते. त्याखेरीज मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. त्यामुळे वेगात असलेली बॅट फटक्याच्या फ्रेममध्ये केळ्यासारखी वाकलेली दिसू शकते. अशा फ्रेममध्ये बॅटच्या पात्यावर रेषा काढून चेहरा बंद होता की उघडा, याचा निर्णय देणे धोक्याचे आहे.

कॅमेरा नीट लागल्यावर खरा प्रश्न येतो, तो कोणती फ्रेम थांबवायची याचा. आपण सगळे फटक्याच्या फ्रेमवर थांबतो, कारण चूक तिथे दिसते. पण तिथे दिसतो तो परिणाम. कारण आधीच घडून गेलेले असते. १९८७ साली पीटर मॅक्लिऑड या मानसशास्त्रज्ञाने मॅटिंगखाली लाकडी दांड्या टाकल्या, जेणेकरून टप्प्यानंतर चेंडू कुठे वळेल याचा अंदाज फलंदाजाला येऊ नये, आणि अव्वल दर्जाच्या फलंदाजांचे चित्रण केले. चेंडूने दिशा बदलल्यानंतर साधारण ०.२ सेकंद त्यांनाही आपला फटका बदलता आला नाही. २४० फ्रेमच्या चित्रणात ०.२ सेकंद म्हणजे ४८ फ्रेम. म्हणून फटक्याच्या फ्रेमपासून मागे साधारण ५० फ्रेम जावे आणि तिथे मुलाचे वजन, पाऊल आणि डोके कुठे होते ते पाहावे. त्यापुढे नवीन माहितीवर तो फारसे काही करू शकत नव्हता.

मी प्रत्येक चेंडूच्या चार फ्रेमची नोंद करतो: हातातून चेंडू सुटला ती, टप्पा पडला ती, पुढचे पाऊल स्थिर झाले ती आणि फटका लागला ती. टप्प्याची फ्रेम समोरच्या चित्रात अवघड वाटते, पण उन्हात चेंडू आणि त्याची सावली जिथे एकमेकांना भेटतात, तोच टप्पा. पावलासाठी टाच टेकली ती फ्रेम घ्यायची की तळवा पूर्ण बसला ती, हे एकदाच ठरवावे आणि बदलू नये. मी तळवा हलायचा थांबतो ती फ्रेम घेतो, कारण वजन तिथे अडकते. या कामाला किनोव्हियासारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते. त्याला चित्रण किती फ्रेमने झाले हे मात्र सांगावे लागते. नाहीतर २४० ने टिपलेली आणि ३० ने चालणारी फाइल पाहून त्यातले घड्याळ ०.३ सेकंदाला २.४ सेकंद म्हणते.

स्टान्सच्या फ्रेमवर रेषा काढण्यात मी वेळ घालवत नाही. शिवनारायण चंद्रपॉल जवळजवळ छाती गोलंदाजाकडे करून उभे राहत आणि तरी त्यांनी १६४ कसोटींत ११,८६७ धावा केल्या, कारण चेंडू येईपर्यंत ते योग्य जागी पोहोचलेले असत. डॉन ब्रॅडमन यांची बॅट मागे जाताना स्लिपच्या दिशेने जायची. उभे राहणे आणि बॅट मागे नेणे या दोन्ही गोष्टी थांबवलेल्या चित्रात दोषासारख्या दिसू शकतात. दोष आहे की नाही, हे बॅट खाली येऊ लागते तेव्हा कळते.

आता त्या मुलाकडे परत येतो. नव्या जागेवरून त्याचे ३६ चेंडूंचे चित्रण केले. उभी रेषा मधल्या यष्टीवर ठेवली आणि चेंडू सुटतानाची फ्रेम पाहिली, तर त्याचे नाक मधल्या आणि ऑफ स्टंपच्या मध्ये होते. फटक्याच्या वेळी ते ऑफ स्टंपवर होते आणि चेंडूही तिथेच होता. डोक्यात दोष नव्हता. रेषेने जे दाखवले, ते खाली होते. पुढच्या बुटाचा पंजा रेषेवर येऊन पडला होता आणि गुडघा बॅटच्या वाटेत उभा होता. बॅटच्या तळाची जागा दर पाच फ्रेमला टिंब देऊन जोडली, तेव्हा ती सरळ खाली न येता पॅडला वळसा घालून येताना दिसली. आत येणारा चेंडू त्या वळशाच्या आतून जाऊन पॅडवर आदळत होता.

इथे थांबलो असतो, तर पाऊल आडवे पडते एवढाच शेरा मारून मी त्याला पाऊल सरळ टाकायला सांगितले असते. पण ३६ मधल्या दहा-बारा चेंडूंवर त्याचे पाऊल उत्तम पडले होते, आणि मुलगा तोच, उंची तीच, स्टान्स तोच. मग चुकीचे फटके आणि चांगले फटके यांच्या फ्रेम शेजारीशेजारी मोजल्या. चांगल्या फटक्यांत पाऊल फटक्याच्या ३० ते ३५ फ्रेम आधी स्थिर होत होते, म्हणजे टप्पा पडून गेल्यावर. चुकलेल्या फटक्यांत ते ७० फ्रेम आधीच स्थिर झाले होते, तेव्हा टप्प्याला अजून सुमारे २० फ्रेम बाकी होत्या. याचा अर्थ, चेंडू कुठे पडणार हे दिसण्याआधीच त्याने पाय रोवून टाकला होता. एकदा वजन त्यावर गेले, की चेंडू आत आला तरी पाऊल हलत नाही, आणि मग बॅटला वळसा घेण्यावाचून मार्ग उरत नाही. दोष जागेचा दिसत होता, मुळात तो वेळेचा होता.

असे का होत होते, याचे उत्तर चित्रणात नव्हते, सरावात होते. त्याला मिळणारे बहुतेक थ्रोडाउन मीच १२ मीटरवरून, पुढे पडणारे, एकाच टप्प्याचे देत होतो. त्यांवर पाय आधी टाकला तरी काही बिघडत नाही, उलट फटका छान बसतो. मी त्याला महिनोन् महिने लवकर पाय रोवायला शिकवले होते. आम्ही साइडआर्मने १८ मीटरच्या आसपासून चेंडू टाकायला सुरुवात केली, टप्पे न सांगता बदलत ठेवले आणि तीनातला एक चेंडू मागच्या पायावर खेळावा लागेल असा आखूड ठेवला. पाऊल कुठे टाक, हे एकदाही सांगितले नाही. लेग स्टंपवरचा स्टान्स काढून त्याचा जुना स्टान्स परत दिला. तीन आठवड्यांनी त्याच जागेवरून, त्याच ओळंब्यासह चित्रण केले, तेव्हा बहुतेक चेंडूंवर पाऊल ४० फ्रेमच्या आसपास स्थिर होत होते आणि पंजा रेषेच्या लेग साइडला पडत होता. वेगवान गोलंदाज प्रत्यक्ष धावत आला, की जुनी सवय अधूनमधून परत दिसे. ती पूर्ण गेली असा माझा दावा नाही.

समोरच्या चित्राची एक मर्यादा लक्षात ठेवा. ते डावे-उजवे खरे सांगते, पण पुढे-मागे सांगत नाही. डोके पुढच्या गुडघ्यावर आले की मागे राहिले, हे त्यातून कधीच ठरवू नका. त्यासाठी दुसरा कॅमेरा पॉपिंग क्रीजच्या रेषेत, ८ ते १० मीटर बाजूला, कमरेच्या उंचीवर हवा, आणि क्रीजची पांढरी रेघ चित्रात एका उभ्या पट्टीसारखी सरळ आत जाताना दिसली पाहिजे. ती तिरकी दिसली, तर वर सांगितलेलीच चूक तुम्ही दुसऱ्या बाजूने करत आहात.

मुलाला दाखवताना आधी संपूर्ण चेंडू खऱ्या वेगाने दाखवा आणि त्याला काय जाणवले ते विचारा. मग त्याचाच एक चांगला फटका आणि एक चुकलेला फटका टप्प्याच्या फ्रेमवर थांबवून शेजारी ठेवा. रेषा एकच असू द्या. मोठ्या खेळाडूचे चित्र त्याच्यावर चढवू नका. उंची, बॅट आणि चेंडूचा वेग वेगळा असताना ती तुलना काहीच सांगत नाही. स्लो मोशनमध्ये ०.७ सेकंदांचा चेंडू पाच-सहा सेकंद चालतो आणि मुलाला वाटते, की एवढ्या वेळात आपण प्रत्येक हालचाल ठरवून करायला हवी. दोन-तीन वेळा हळू दाखवून झाले, की पुन्हा खऱ्या वेगाने दाखवा आणि पडदा बंद करा.

तुमच्या मुलाचे जुने चित्रण कुठून झाले होते, ते आधी तपासा. यष्ट्या जुळवून किमान २४ चेंडू नव्याने टिपा. डोके तेव्हाही ऑफ स्टंपच्या बाहेर दिसले, तर तुमचे निदान बरोबर आहे आणि उपाय बदलायला हवा. ते रेषेत आले, तर पावलाच्या फ्रेम मोजायला घ्या.